‘आजीवन’ या शब्दाची तक्रार

ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या जाहिरातीत ‘लाइफटाइम अ‍ॅक्सेस’ हे शब्द बहुधा किमतीला चिकटूनच छापलेले असतात. एकदा पैसे भरले की धडे केव्हाही आणि कितीही वेळा पाहता येतील, असा त्यांचा अर्थ घेणारा घेतो, आणि त्याने तसाच घ्यावा म्हणून ते तिथे असतात. तीन-चार वर्षांनी एक ईमेल येते. कंपनीचे धोरण बदलले आहे, यापुढे सगळे अभ्यासक्रम वार्षिक वर्गणीवर मिळतील, जुन्या विद्यार्थ्यांचा प्रवेश अमुक तारखेला बंद होईल. खाली बहुतेक वेळा सवलतीचे कूपनही असते.

या ईमेलविरुद्ध तक्रार करता येते. मात्र ‘फसवणूक झाली’ एवढे म्हणून ती उभी राहत नाही. आधी एका शब्दाचा निकाल लावावा लागतो. ‘आजीवन’ म्हणजे नेमके कोणाचे जीवन?

शब्दाचे तीन अर्थ निघतात. विद्यार्थी जगेल तोवर, हा पहिला. अभ्यासक्रम चालू असेल तोवर, हा दुसरा, आणि कंपन्यांच्या अटींमध्ये बारीक अक्षरांत बहुधा हाच लिहिलेला असतो. कंपनी टिकेल तोवर, हा तिसरा. करारातला शब्द संदिग्ध असेल तर ज्याने तो मसुदा लिहिला त्याच्याविरुद्ध अर्थ लावायचा, हे न्यायालयांनी मानलेले जुने तत्त्व आहे आणि ते विद्यार्थ्याच्या बाजूचे आहे. पण धोरणबदलाच्या प्रकरणात त्या तत्त्वापर्यंत जाण्याचीही गरज बहुधा पडत नाही. विद्यार्थी हयात आहे, कंपनी चालू आहे, आणि तेच धडे तीच कंपनी आता वर्गणी घेऊन दाखवते आहे. म्हणजे तिन्हींपैकी कोणताही अर्थ घेतला तरी ‘जीवन’ संपलेले नाही. कंपनीने स्वतःच्या अटींत लिहिलेल्या, तिला सर्वांत सोयीच्या अर्थानेही नाही. तक्रारीचा कणा हा आहे, आणि बहुतेक तक्रारींत नेमका हाच मुद्दा लिहायचा राहून जातो.

एक उदाहरण मनात धरले तर पुढच्या गोष्टी स्पष्ट होतात. व्यक्ती आणि कंपनी कल्पित आहेत, व्यवहार नेहमीचा आहे. सांगलीतल्या एक बाई घरून आठ-दहा दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे सांभाळतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी बेंगळुरूच्या एका कंपनीचा जीएसटी आणि हिशेबाचा अभ्यासक्रम घेतला. विक्रीच्या पानावर दोन पर्याय होते, एक वर्षाचा प्रवेश ६,००० रुपये आणि आजीवन प्रवेश १४,००० रुपये. त्यांनी दुसरा घेतला. एप्रिल २०२५ मध्ये ईमेल आली की १ जूनपासून सर्व अभ्यासक्रम ५,४०० रुपयांच्या वार्षिक वर्गणीत जातील आणि जुन्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी निम्मी सवलत मिळेल. १ जूनला लॉग-इन केल्यावर धड्यांच्या यादीवर कुलूप दिसू लागले.

पहिले काम पुराव्याचे, आणि ते संतापाचे पत्र लिहिण्याच्या आधीचे. ज्या पानावर ‘आजीवन’ हा शब्द होता ते पान आता बदललेले असते. तरी तो शब्द इतर ठिकाणी शिल्लक राहतो. पैसे भरल्यावर आलेली पावती, कर-बीजक, स्वागताची ईमेल, त्या काळात आलेल्या जाहिरातीच्या ईमेल, कंपनीच्या सल्लागाराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले संदेश, यूट्यूबवरची जाहिरात. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पानांच्या जुन्या, तारखेसह साठवलेल्या प्रती असतात. २०२१ च्या सुमाराची प्रत मिळाली तर दोन्ही किमती आणि त्या वेळच्या अटी एकाच जागी हाती लागतात. प्रत्येक पान तिथे असतेच असे नाही. लॉग-इनच्या आतली पाने तर जवळपास नसतातच.

भूतकाळाइतकाच आजचाही पुरावा लागतो आणि तो बहुतेक जण विसरतात. वर्गणीच्या नव्या पानावर धड्यांची यादी दिसत असते. तिचे चित्र तारीख आणि पानाचा पत्ता दिसेल असे घेऊन ठेवायचे, आणि जुन्या यादीशी धड्यांची नावे व मिनिटे जुळवायची. कारण कंपनीचा पहिला बचाव ‘तो अभ्यासक्रम आम्ही निवृत्त केला’ असा असतो. बेचाळीसपैकी अडतीस धडे त्याच नावाने आणि तितक्याच लांबीचे आढळले, तर अभ्यासक्रम निवृत्त झालेला नाही, त्याची फक्त पाटी बदलली आहे, हे कागदावरच दिसते. उलट धडे खरोखरच नव्याने चित्रित झालेले असतील तर तक्रार कमजोर होते. जुने धडे पाहू देण्याचे वचन आणि नवे धडे देत राहण्याचे वचन या वेगळ्या गोष्टी आहेत. पावतीवर फक्त ‘प्रवेश’ लिहिलेला असेल तर अद्ययावत धड्यांवर हक्क सांगणे कठीण.

कंपनीचा दुसरा बचाव जास्त वजनदार असतो. २०२१ मध्ये खाते उघडताना ज्या अटींना ‘मान्य’ म्हटले, त्यांतच ‘कंपनी या अटी केव्हाही बदलू शकते आणि त्यानंतरही सेवा वापरणे म्हणजे बदलाला संमती’ असे एक कलम असते. ते खोटे नाही आणि विद्यार्थ्याने ते न वाचता मान्य केले हेही खरे. अशा कलमाला काही वाजवी उपयोगही आहेत. पासवर्डचे नियम, शंका विचारण्याच्या वेळा, एका खात्यावर किती फोन चालतील, अशा चालू कारभाराच्या गोष्टी कंपनीला बदलाव्याच लागतात. प्रश्न असा की ज्या गोष्टीची पूर्ण किंमत आधीच घेतली ती गोष्टच परत घेण्याचा अधिकार या कलमातून निघतो का. भारतीय करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा करार आणायचा तर दोन्ही पक्षांचे एकमत लागते. कुलूप लागल्यानंतर त्या बाई सेवा वापरतच नाहीत, तेव्हा ‘वापर म्हणजे संमती’ हा युक्तिवाद त्यांच्या बाबतीत चालायला नको. म्हणूनच नव्या अटींची चौकट पडद्यावर आली की घाईने ‘मान्य’ दाबू नये आणि सवलतीचे कूपन वापरू नये. निम्म्या किमतीत वर्ष मिळाले म्हणून ते घेणारे अनेक असतात आणि नंतर तीच त्यांची संमती म्हणून पुढे केली जाते.

जाहिरातीच्या बाजूने याला आणखी एक उत्तर आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, खालच्या तळटीपेने वरच्या मुख्य दाव्याच्या उलट बोलता कामा नये. वर ठळक अक्षरांत ‘आजीवन’ आणि खाली ‘कंपनीची इच्छा असेतोवर’, ही जोडी त्यात बसत नाही. तत्त्वे खरेदीनंतरची असली तरी दिशाभूल करणारी जाहिरात हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलाच विषय आहे आणि तो कायदा २०२० च्या जुलैपासून लागू आहे.

याच कायद्यात तक्रारीला आत शिरायला दोन-तीन दारे आहेत, आणि दार चुकले तर प्रकरण वर्षभर भलत्याच अंगणात पडून राहते. कायद्यात ‘अनुचित करार’ अशी एक नवी संकल्पना आहे. रास्त कारण नसताना एका पक्षाला एकतर्फी करार संपवू देणारे कलम त्यात नावानिशी येते. धोरणबदलाच्या प्रकरणाला ते मापून शिवल्यासारखे बसते, म्हणून हौशी तक्रारदार तेच पहिल्या ओळीत लिहितो. अडचण अशी की अनुचित करारावरची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालतच नाही. ती थेट राज्य आयोगाकडे न्यावी लागते, मग रक्कम चौदा हजारांची का असेना. चौदा हजारांसाठी सांगलीहून राज्य आयोगाशी झुंजायचे, ही कायद्याने केलेली थोडी विचित्र वाटणी आहे.

जिल्हा आयोगाचे दार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन शब्दांनी उघडते. कराराने जे करण्याचे अंगावर घेतले ते करण्यात राहिलेली उणीव म्हणजे त्रुटी, अशी कायद्याची व्याख्या सांगते. प्रवेश देण्याचे अंगावर घेतले आणि दिला नाही, एवढेच सांगायचे असते. कराराच्या एकतर्फी कलमांबद्दलही इथे बोलता येते. पायोनिअर अर्बन लँड प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बिल्डरने लादलेली एकतर्फी कलमे करारात घालणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. घर आणि व्हिडिओ यांत फरक मोठा आहे, पण ‘सही करा नाहीतर सोडून द्या’ ही परिस्थिती दोन्हीकडे सारखी. तेव्हा करार रद्द करून मागण्याऐवजी त्या कलमाच्या आधारे कंपनीने केलेली कृती ही त्रुटी आणि अनुचित प्रथा आहे, असे मांडणे व्यवहार्य ठरते.

कंपनीच्या अटींत बहुधा ‘वाद फक्त बेंगळुरूच्या लवादापुढे’ असेही लिहिलेले असते. त्याने घाबरण्याचे कारण नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे, आणि लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ प्रकरणात २०१८ मध्ये पक्के केले. जिल्हा आयोगाची मर्यादा सध्या पन्नास लाख रुपयांची आहे आणि ती दिलेल्या किमतीवर मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.

तक्रारदार ‘ग्राहक’ आहे का, हा प्रश्न कंपनीचा वकील हमखास काढतो. व्यापारी उद्देशाने घेतलेली सेवा कायद्याच्या बाहेर आहे, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली बाहेर नाही. सांगलीच्या बाई एकट्या काम करतात, त्या ग्राहक आहेत. हाच अभ्यासक्रम एखाद्या मोठ्या सनदी लेखापाल फर्मने आपल्या वीस कर्मचाऱ्यांसाठी घेतला असता तर उत्तर बहुधा उलट आले असते. दुसरा आक्षेप शिक्षणाचा. विद्यापीठे आणि महाविद्यालये ग्राहक कायद्यात येत नाहीत, असे निकाल आहेत. राष्ट्रीय आयोगाने २०२० साली मनू सोळंकी प्रकरणात शिक्षणसंस्थांना बाहेर ठेवले, मात्र शिकवणी वर्गांना त्या सवलतीत घेतले नाही. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. पदवी न देणारी, व्हिडिओ विकणारी कंपनी शिकवणी वर्गाच्या जवळची आहे, महाविद्यालयाच्या नाही, हे तक्रारीत एका वाक्यात सांगून टाकावे.

सर्वांत अवघड भाग रकमेचा. कंपनी असा हिशेब मांडते: वर्षाला ६,००० दराने चार वर्षांचे २४,००० झाले असते, बाईंनी १४,००० च दिले आणि जवळजवळ चार वर्षे वापर केला, म्हणजे त्या फायद्यातच आहेत. ऐकायला बिनतोड. पण वार्षिक प्रवेश घेणारा चार वर्षे तो पुन्हा पुन्हा विकत घेत नाही. एकदा शिकतो आणि थांबतो. आजीवन प्रवेश घेणारा पुढे कधीतरी अडेल त्या दिवसासाठी जास्तीचे पैसे देतो. विमा उतरवणाऱ्याला ‘चार वर्षे आजारी पडला नाहीत, म्हणून आता विमा रद्द, हप्ते मात्र आमचे’ असे सांगण्यासारखा हा प्रकार आहे.

त्या जास्तीच्या पैशाचे माप कंपनीच्याच पानावर होते. आजीवन १४,००० आणि एक वर्षाचे ६,०००, यांतला ८,००० रुपयांचा फरक म्हणजे ‘आजीवन’ या शब्दाची कंपनीने स्वतः ठरवलेली किंमत. पूर्ण १४,००० परत मागण्यापेक्षा या ८,००० वर पाय रोवणे जास्त टिकाऊ, कारण शिकून झालेल्या भागाचे पैसे परत का, हा प्रश्नच मग उरत नाही. दुसरे माप बदली खर्चाचे. तीच गोष्ट आज मिळवायला वर्षाला ५,४०० रुपये पडतात. किती वर्षांचे मागायचे? चाळीस वर्षांचे मागितले तर तक्रार हास्यास्पद होते, दोन-तीन वर्षांचे सांगता येते. फरकाचे माप आणि बदलीचे माप एकावर एक चढवू नये. एक मुख्य मागणी आणि दुसरी पर्यायी, असे लिहावे.

कंपनी याउलट म्हणेल की २०२१ च्या जीएसटी धड्यांना आता किंमतच काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे मुख्य टप्पे गेले, म्हणजे ते धडे शिळे झाले. यात तथ्य आहे आणि ते मान्य करणे बरे. पण या विषयातल्या माणसाला दुसरी बाजूही ठाऊक असते. जीएसटीच्या नोटिसा चालू वर्षाच्याच येतात असे नाही, मागच्या वर्षांच्याही येतात, आणि त्या वर्षी जो दर आणि जो नियम होता त्यावरच उत्तर द्यावे लागते. म्हणून तर कायद्याने वह्या वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायला सांगितल्या आहेत. जुने धडे त्या काळापुरते तरी कामाचे असतात. प्रत्येक अभ्यासक्रमाचे असे स्वतःचे आयुष्य असते. छायाचित्रणाच्या मूलतत्त्वांचे मोठे, एखाद्या सॉफ्टवेअरच्या ठरावीक आवृत्तीचे लहान. तक्रारीत ते प्रामाणिकपणे सांगितले की रकमेला आधार मिळतो. मानसिक त्रासाचे पाच लाख मागितल्याने तो मिळत नाही.

विक्रेता अशा वेळी काय करू शकतो याचा एक नमुना २०१९ चा आहे. मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि विकलेली पुस्तके वाचकांच्या यंत्रांवरून नाहीशी झाली. कंपनीने पुस्तकांची पूर्ण किंमत परत केली आणि ज्यांनी समासात टिपणे केली होती त्यांना २५ डॉलर वेगळे दिले. तिथे दुकानच बंद झाले होते, तरी पैसे परत मिळाले. इथे दुकान चालू असून माल फक्त नव्या फळीवर मांडला आहे. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२५ पासून असा नियम आहे की चित्रपट, गाणी, पुस्तके, खेळ अशा डिजिटल वस्तू विकताना, ग्राहकाला मिळतो तो केवळ परवाना आहे हे ठळकपणे सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असे म्हणता येत नाही. भारतात विक्रीच्या बटणावरच्या शब्दाला असा खास नियम नाही, म्हणून इथे सारा भार पावतीवर येतो.

आता पत्र. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क प्रसिद्ध करायचा असतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. सांगलीच्या बाईंचे पत्र साधारण असे असेल: “दि. … ऑक्टोबर २०२१ रोजी बीजक क्र. … अन्वये ‘आजीवन प्रवेश’ रु. १४,००० देऊन घेतला. त्याच दिवशी एक वर्षाच्या प्रवेशाची किंमत रु. ६,००० होती. दि. १ जून २०२५ पासून प्रवेश बंद आहे. त्या अभ्यासक्रमाचे ४२ पैकी ३८ धडे आपण आजही वर्गणीवर दाखवत आहात, यादी सोबत जोडली आहे. नव्या अटी मला मान्य नाहीत व मी त्या स्वीकारलेल्या नाहीत. ३० दिवसांत प्रवेश पूर्ववत करावा, अन्यथा रु. ८,००० परत करावेत.” विशेषणे नाहीत, धमकी नाही. पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्ही मार्गांनी जावे. पत्ता आणि नाव बीजकावरून घ्यावे. जाहिरातीतले झगझगीत नाव हा नुसता ब्रँड असतो, आणि ब्रँड मध्येच दुसऱ्या कंपनीला विकला गेला असेल तर पैसे घेणारी आणि आता चालवणारी अशा दोघींना पक्ष करावे लागते. अनेक शिक्षकांचे अभ्यासक्रम एकत्र विकणाऱ्या बाजारवजा मंचावर वचन मंचाचे होते की शिक्षकाचे, हेही पावतीच सांगते.

महिना संपल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन कंपनीला तक्रार पाठवून उत्तर मागते, हुकूम देऊ शकत नाही. लहान रकमेत तेवढ्यानेही काही वेळा काम होते. नाही झाले तर ई-जागृती या पोर्टलवरून जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आणि ती खरेदीपासून मोजायची नाही, वादाचे कारण घडले तेव्हापासून मोजायची, म्हणजे इथे १ जून २०२५ पासून. कंपनीशी वर्षभर चाललेल्या ईमेलींमुळे ही मुदत लांबत नाही. ‘आम्ही तुमची विनंती तपासत आहोत’ या उत्तरावर विसंबून पुष्कळांची दोन वर्षे निघून जातात.

नोटीस मिळाल्यावर कंपनीला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा त्याहून बऱ्याच लांबतात. आठ हजारांसाठी एकट्याने हे रेटणे परवडत नाही, हे कंपनीला माहीत असते. पण धोरणबदल एकाच दिवशी हजारो जणांना लागतो आणि सर्वांची तक्रार शब्दशः एक असते. अशांपैकी एकाने किंवा काहींनी, आयोगाच्या परवानगीने, सर्वांच्या वतीने तक्रार करण्याची तरतूद कायद्यात आहे. नोंदणीकृत ग्राहक संघटनाही तक्रार करू शकतात. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांमुळे महाराष्ट्राला हा मार्ग अनोळखी नाही.

काही ठिकाणी हे सारे थांबते. कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली आणि तिच्याविरुद्धच्या दाव्यांना स्थगिती लागली, तर आयोगातले प्रकरण गोठते. मग दिवाळखोरी व्यावसायिकाकडे रकमेचा दावा नोंदवणे एवढेच उरते आणि रांगेत नंबर मागचा असतो. परदेशी कंपनी भारतातल्या ग्राहकांना नियमित विक्री करत असेल तर ई-कॉमर्स नियम तिलाही लागू होतात, पण भारतात तिचे कार्यालय किंवा मालमत्ता नसेल तर आदेश बजावायचा कोणावर, हा प्रश्न राहतो. भारतातल्या कंपनीने आयोगाचा आदेश पाळला नाही तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो, आणि आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

बहुतेक कंपन्या तिथवर जाऊ देत नाहीत. लेखी जबाबाच्या सुमारास तडजोडीचा फोन येतो: खाते उघडून देतो, तक्रार मागे घ्या. मागे घेण्याआधी प्रवेश कोणत्या धड्यांना, कोणत्या तारखेपर्यंत, आणि पुढच्या धोरणबदलाचा त्यावर परिणाम होणार की नाही, हे कंपनीच्या नोंदणीकृत नावाने लेखी घ्यावे आणि आयोगाच्या नोंदीत दाखल करावे. ‘आजीवन’ हा शब्द त्या कागदात पुन्हा आला, तर त्याच्यापुढे कोणाचे जीवन तेही लिहून घ्यावे.